ट्रिम नऊ टक्के, पण पेट्रोल जात होतं दुसरीकडेच: एका गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या ताईची. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, साधा हाताचा गिअरबॉक्स, वय नऊ वर्षं. तक्रार एका वाक्यात होती: "अरे, गाडी हल्ली पेट्रोल पितेय." डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही, पिकअपमध्ये फरक नाही, कसला आवाज नाही. गॅरेजमध्ये प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले होते. पुढचा सल्ला इंजेक्टर साफ करण्याचा होता. तो खर्च करण्याआधी ताईने गाडी चार आठवडे माझ्याकडे सोपवली.

गाडीच्या संगणकाचे आकडे फोनवर दाखवणाऱ्या ॲपला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट केली, ती म्हणजे पंपावरचा हिशेब. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरायचं. ही पद्धत जुनी आहे, पण तिच्यात कुठल्याही सेन्सरवर भरवसा ठेवावा लागत नाही. मात्र एका टाकीवर निष्कर्ष काढायचा नाही. नोझल कधी अर्धा-पाऊण लिटर आधी बंद होतो, कधी नंतर, आणि ३५ लिटरच्या भरण्यात तेवढ्यानेच दोन टक्क्यांची चूक होते. ताईच्या वहीत जुने आकडे होते: सरासरी लिटरला १६.२ किलोमीटर. गेल्या तीन टाक्यांची सरासरी १४.६. म्हणजे घट साधारण दहा टक्के, आणि ती खरी होती.

मग ॲडॉप्टर लावला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि ब्लूटूथने फोनशी बोलतो. ॲपमध्ये एकाच स्क्रीनवर वीस-पंचवीस डायल मांडायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण ॲडॉप्टर प्रत्येक आकडा गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, वेगवेगळा विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. स्वस्त ॲडॉप्टर सेकंदाला मोजकेच प्रश्न विचारू शकतो. वीस आकडे मागितले तर प्रत्येक आकडा तीन-चार सेकंद शिळा होतो, आणि ट्रिमसारखी, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीसारखी, क्षणाक्षणाला हलणारी गोष्ट मग निरर्थक दिसते. मी सहाच निवडले: वेग, एअर फ्लो, शॉर्ट टर्म ट्रिम, लाँग टर्म ट्रिम, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. सगळं फाइलमध्ये नोंदवायला लावलं आणि फोन खिशात ठेवला. चालवताना स्क्रीन बघायची नाही, आकडे घरी येऊन वाचायचे.

ॲपच्या सुंदर डायलमागे नेमकं काय चालतं ते एकदा उघड्या डोळ्यांनी बघावं. टर्मिनल उघडून मी हायवेवर, ८० च्या वेगाला, शेजारी बसलेल्या भाच्याला हे तीन प्रश्न टाइप करायला लावले:

```
> 01 05
41 05 6B
> 01 07
41 07 8B
> 01 10
41 10 04 B0
```

पहिला प्रश्न कूलंटचा. `6B` म्हणजे दशमानात १०७. त्यातून ४० वजा करायचे: ६७ अंश सेल्सिअस. दुसरा लाँग टर्म ट्रिमचा. `8B` म्हणजे १३९. त्यातून १२८ वजा केले की ११, आणि ११ ला १२८ ने भागून शंभराने गुणलं की अधिक ८.६ टक्के. तिसरा एअर फ्लोचा. `04B0` म्हणजे १२००, त्याला शंभराने भागलं की सेकंदाला १२ ग्रॅम हवा.

या तीन आकड्यांत संपूर्ण प्रकरण होतं. पण त्या दिवशी माझी नजर दुसऱ्यावरच खिळली.

फ्युएल ट्रिम म्हणजे काय ते इथे नीट सांगायला हवं, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. इंजिनात किती हवा जातेय हे एअर फ्लो सेन्सर सांगतो. त्यावरून ईसीयू हिशेब करतो की एवढ्या हवेला एवढं पेट्रोल. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण त्याला गाठायचं असतं. मग सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो सांगतो की प्रत्यक्षात मिश्रण पातळ झालं की घट्ट. पातळ झालं असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवतो, घट्ट असेल तर कमी करतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती वारंवार करावी लागतेय असं दिसलं की तो ती पाठ करून ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. वाचताना दोन्हींची बेरीज वाचायची. बेरीज पाच टक्क्यांच्या आत, मग अधिक असो वा उणे, तर मी काही शोधायला जात नाही. दहाच्या आसपास गेली की कारण शोधायचं.

ताईच्या गाडीत हायवेवर शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास डोलत होती आणि लाँग टर्म ८.६. ॲव्हरेज दहा टक्के घटलं आणि ट्रिम जवळजवळ नऊ टक्के अधिक. दोन आकडे इतके जवळ आले की मला वाटलं चोर सापडला: ईसीयू नऊ टक्के पेट्रोल जास्त टाकतोय, म्हणून ॲव्हरेज नऊ-दहा टक्के कमी.

हे चूक होतं. पण का चूक, हे मला एक दुरुस्ती करून झाल्यावर कळलं.

ट्रिम कुठे वाढते हे बघितलं. आयडलला बेरीज अधिक ५, आणि २५०० आरपीएमला अधिक ९. एअर फ्लो सेन्सर आणि इंजिन यांच्या मध्ये कुठेतरी हवेला चोरवाट असेल, म्हणजे फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा सैल गॅस्केट, तर चित्र उलटं असतं. आयडलला एकूण हवाच थोडी, त्यामुळे चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा असतो आणि ट्रिम तिथे जास्त दिसते, वेग वाढवला की उतरते. इथे भारासोबत ट्रिम चढत होती. याला दोनच मुख्य संशयित: एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. सेन्सर काढायला दोन स्क्रू, म्हणून आधी तोच काढला. आतल्या बारीक तारेवर करड्या धुळीचा पातळ थर दिसत होता, भिंग न लावताही. एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे लांबून मारला, बोट किंवा कापूस लावला नाही, पूर्ण वाळू दिला आणि परत बसवला.

आता यापुढचा दिवस या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा दिवस आहे.

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला एअर फ्लो १२ च्या जागी १२.८ ग्रॅम दिसू लागला. आणि ॲपने दाखवलेलं ॲव्हरेज पडलं. साफ करण्याआधीच्या टाकीला ॲप म्हणत होतं १५.७, साफ केल्यानंतरच्या टाकीला म्हणायला लागलं १४.८. पंपावर मात्र आधी १४.६ आणि नंतर १४.७. म्हणजे प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं, आणि ॲपच्या मते गाडी बिघडली होती.

कारण ॲप पेट्रोल मोजतच नाही. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते हवा मोजतं आणि त्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधतं. १२ ग्रॅम हवेला १४.७ ने भागा, तासाचे ३६०० सेकंद गुणा, पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ७४५ ग्रॅम धरून भागा: तासाला ३.९४ लिटर. वेग ८०, म्हणजे त्या क्षणी लिटरला २०.३ किलोमीटर. हाच हिशेब १२.८ ग्रॅमवर केला तर १९ किलोमीटर. सेन्सर धुळीमुळे सहा-सात टक्के हवा कमी सांगत होता, म्हणून ॲप तेवढंच ॲव्हरेज फुगवून दाखवत होतं. काही ॲप या हिशेबात ट्रिम धरतात, काही धरत नाहीत. मी वापरत होतो ते धरत नव्हतं. आपलं ॲप काय करतं ते सेटिंगमध्ये बघून घ्यावं. शिवाय १४.७ हा आकडा साध्या पेट्रोलचा आहे. इथेनॉल मिसळलं की तो खाली येतो, दहा टक्के इथेनॉलला सुमारे १४.१, आणि ॲपमध्ये तो बदलावा लागतो.

आणि ट्रिमचं काय? सेन्सर हवा कमी सांगत होता, म्हणून ईसीयूने आधी पेट्रोल कमी धरलं. ऑक्सिजन सेन्सर म्हणाला, पातळ आहे. ईसीयूने ८.६ टक्के वाढवलं आणि मिश्रण जिथे असायला हवं तिथे आलं. म्हणजे इंजिनला मिळणारं पेट्रोल आधीही बरोबर होतं आणि नंतरही. ट्रिम सांगते ती ईसीयूच्या अंदाजातली चूक, जळलेलं जादा पेट्रोल नव्हे. ज्यांना ॲव्हरेजसाठी ट्रिम बघायची आहे त्यांनी एवढं पक्कं धरावं: ऑक्सिजन सेन्सर खरं बोलत असेल आणि दुरुस्ती पूर्ण होत असेल, तर अधिक नऊ टक्के ट्रिमवरही गाडी नेहमीइतकंच पेट्रोल जाळते. ऑक्सिजन सेन्सरच खोटं बोलायला लागला तर गोष्ट वेगळी. एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते, त्याला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू खरोखरच जादा पेट्रोल ओततो.

मग दहा टक्के जात होते कुठे?

वाट दाखवली ती पुन्हा ट्रिमनेच, पण निराळ्या वाटेने. सेन्सर साफ केल्यावर लाँग टर्म ट्रिम लगेच खाली यायला हवी होती. ती आली नाही. हायवेच्या चाळीस मिनिटांत ती ८.६ वर दगडासारखी बसून राहिली आणि तिची भरपाई करायला शॉर्ट टर्म उणे ७ ला गेली. बेरीज छान होती, अधिक दीड-दोन. पण ईसीयू नवी गोष्ट पाठ का करत नव्हता? फाइल खाली सरकवत गेलो तेव्हा एका लांब चढावर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना, लाँग टर्म हलली: ८.६, ७, ५.५. चढ संपला आणि ती पुन्हा थिजली. त्या चढावर आणखी काय बदललं होतं ते शोधायला मी शेजारचा स्तंभ वाचला. कूलंट ६७ वरून ८३ वर गेलं होतं.

बऱ्याच गाड्यांत इंजिन पुरेसं तापल्याशिवाय ईसीयू लाँग टर्म ट्रिम बदलत नाही, कारण थंड इंजिनातली दुरुस्ती कायमची पाठ करणं चूक ठरतं. म्हणजे ईसीयूच्या लेखी ही गाडी हायवेवर चाळीस मिनिटं पळूनही तापलीच नव्हती. आणि ६७ हा आकडा पहिल्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये होता, भाच्याच्या पहिल्याच प्रश्नाचं ते उत्तर होतं. डॅशबोर्डवरची सुई अर्ध्याच्या केसभर खाली होती आणि ताईला ती नेहमी तिथेच दिसायची. अनेक गाड्यांत ही सुई मुद्दाम सुस्त ठेवलेली असते, मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ती एकाच जागी उभी राहते, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

आता पूर्ण फाइल तापमानासाठी वाचली. सकाळी १९ अंशांवरून सुरुवात. पंधरा मिनिटांनी हायवेवर ६७, आणि वेग तसाच असेपर्यंत ६६ ते ६९. टोलवर पाच मिनिटं थांबली तर ७९. परत वेग घेतला की दोन मिनिटांत ६८. थांबल्यावर तापणं आणि पळाल्यावर गार होणं, ही थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची खूण आहे. थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी एक झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ किंवा ८८ अंशांना, गाडीप्रमाणे, ती उघडायला लागते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. ती उघडीच राहिली तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि हायवेचा वारा ते गार करत राहतो.

सेन्सरच तर खोटं बोलत नाही ना, हे आधी तपासलं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि कूलंट व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघायचं. दोन्ही बाहेरच्या हवेइतकी हवीत. इथे १९ आणि २० दिसली. याने सेन्सर गारठ्यात खरा आहे एवढंच कळतं, म्हणून दुसरी खूण हाताने घेतली. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवला, पंखा आणि पट्ट्यापासून लांब राहून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग अचानक गरम होतो. इथे तो तिसऱ्या मिनिटापासूनच कोमट व्हायला लागला.

मेकॅनिककाकांना फाइल दाखवली. ते म्हणाले, "कोड नाही ना आला? मग थर्मोस्टॅट कशाला उघडता?" त्यांची शंका रास्त होती. या दोषाला कोड आहे, `P0128`, कूलंट अपेक्षेइतकं तापलं नाही असा. पण बहुतेक गाड्यांत सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि ताईच्या रोजच्या फेरीत सिग्नल इतके की मध्येच पाणी ७९-८० ला पोचायचं. मी म्हटलं, "काका, होजला एकदा हात लावून बघा." त्यांनी गार इंजिन सुरू करून स्वतः बघितलं आणि मग काहीच न बोलता स्पॅनर घेतला.

थर्मोस्टॅट बाहेर आला तेव्हा हातात गार होता आणि तरीही झडप उघडी होती. कडेने नखभर फट, आतून उजेड दिसत होता. नवा बसवण्याआधी काकांनी तो दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि खाली गॅस लावला. शेजारी थर्मामीटर. ८२ ला झडप किंचित सुटली, ९३ च्या आसपास पूर्ण उघडली. मग बसवला, कूलंट भरला, हवा काढली. हे शेवटचं काम नीट झालं नाही तर हवेचा फुगा आत अडकतो, तापमानाचे आकडे उड्या मारतात आणि इंजिन खरोखर तापून बसू शकतं. म्हणून पहिल्या फेरीची फाइल मी तिथेच बसून वाचली. रेष सरळ चढत ९० ला गेली आणि तिथेच राहिली, हायवेवर ८८ ते ९२.

६७ आणि ९० यांत पेट्रोलचा इतका फरक का पडावा? मिश्रण तर दोन्ही वेळा बरोबरच होतं. पण गार इंजिनात ऑइल घट्ट असतं आणि ते ढवळण्यात जोर जातो. सिलिंडरच्या गार भिंती जळणाची जास्त उष्णता ओढून घेतात. आणि ईसीयू आपल्या लेखी गार असलेल्या इंजिनाला थोडं वेगळं वागवतो: आयडल जरा वर ठेवतो, जोरात पेडल दाबलं की मिश्रण थोडं जास्त घट्ट करतो. ताईच्या गाडीत आयडल ८५० च्या जागी ९५० दिसत होतं, तेही चढ चढून थांबल्यावर ८५० पर्यंत यायचं. यातली एकेक गोष्ट लहान आहे, पण या गाडीत त्या रोज, पूर्ण प्रवासभर चालू होत्या.

त्यानंतरच्या तीन टाक्यांची पंपावरची सरासरी १५.९. ॲप म्हणालं १६. जुन्या १६.२ पासूनचा उरलेला फरक मी शोधत बसलो नाही, तो नोझलच्या चुकीत मावतो. ॲपचे तिन्ही टप्प्यांतले आकडे मात्र मी ताईला कागदावर लिहून दाखवले: सुरुवातीला १५.७, मग १४.८, शेवटी १६. पहिला आणि शेवटचा एवढेच कुणी बघितले असते तर महिनाभरात काहीच झालं नाही असं वाटलं असतं. पंपावर मात्र लिटरमागे सव्वा किलोमीटर वाढला होता.

हा सगळा हिशेब पेट्रोल इंजिनाचा. डिझेलला हवेवरून इंधन काढता येत नाही, कारण तिथे हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते आणि हे १४.७ सारखं ठरलेलं प्रमाण पाळलं जात नाही. डिझेल गाडीत याच पद्धतीचं ॲव्हरेज दाखवणारं ॲप मोठी चूक करतं. ज्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो सेन्सरच नाही, तिथे ॲप इनटेकमधला दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज करतं. तिथे इंजिनची क्षमता सेटिंगमध्ये बरोबर भरलेली नसेल तर आकडा सुरुवातीपासूनच चुकलेला असतो.

ॲडॉप्टर मी काढून ताईकडे दिला, कारण सॉकेटला बॅटरीची वीज गाडी बंद असतानाही मिळत राहते आणि पंधरा दिवस उभ्या गाडीत तो बॅटरी उतरवू शकतो. तिला तीनच गोष्टी सांगितल्या: महिन्यातून एकदा, सकाळी, पहिल्या वीस मिनिटांची फाइल काढ. कूलंट किती मिनिटांत ८० ला गेलं ते वहीत ॲव्हरेजच्या शेजारी लिही. आणि त्याच्या पुढे दोन ट्रिमची बेरीज. पहिल्या महिन्याची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे: सात मिनिटं, अधिक १.६, ॲव्हरेज १५.८.